वलांडीची नोंद

कोशाचं काम भाईंदरला आलं ते युद्धामुळे. १९४२ साली मुंबईवर बॉम्ब पडणार अशी हवा उठली आणि गिरगावातली बिऱ्हाडं मिळेल त्या गावी निघाली. तेव्हा कोशमंडळाच्या चिटणिसांनीही हाय खाल्ली. स्वतःच्या जिवापेक्षा त्यांना चिठ्ठ्यांची काळजी जास्त. वीस वर्षांत जमवलेल्या लाखो चिठ्ठ्या एका ठिणगीने गेल्या असत्या. मग भाईंदरच्या एका मिठागरवाल्याने स्टेशनाजवळचं आपलं रिकामं घर मंडळाला वापरायला दिलं, आणि पत्र्याच्या ट्रंका, बिस्किटांचे डबे नि संपादक वामनराव खांबेटे असा सगळा सरंजाम तिथे येऊन पडला.

गाव नवं, माणसं नवी. चिठ्ठ्या लावायला हाताशी कोणी हवं होतं. अक्षर स्वच्छ, डोकं शांत आणि मराठी सातवी पास, एवढी अट. समुद्राकाठच्या चौक गावच्या मार्सेलिन मुनीसने अर्ज केला. ती ट्रेनिंग झालेली शिक्षिका होती, वय अठ्ठावीस, लग्न झालेलं नव्हतं. शाळा सोडून ती कोशात जाते म्हटल्यावर चौकमध्ये बरीच चर्चा झाली.

"शाळंत पोरं तरी हायेत," शेजारची विल्मा म्हणाली, "तिथं काय करणार? कागद मोजणार?"

"कागद नाही गो, शब्द."

"शब्द? ते तर फुकट मिळतात!"

विल्माचं हे बोलणं मार्सेलिनने हसण्यावारी नेलं. पण आठवड्याभरातच तिच्या ध्यानात आलं की शब्द मुळीच फुकट मिळत नाहीत.

कामाची रीत अशी. वाचकांनी पुस्तकं, वर्तमानपत्रं, जुनी दप्तरं वाचायची. एखादा शब्द लक्षात राहण्याजोगा वापरलेला दिसला की तो शब्द, ते अख्खं वाक्य, कुठून घेतलं आणि केव्हाचं, हे एका चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठ्या अक्षरवार लावायच्या. एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या जमल्या की संपादक त्या टेबलावर पसरायचा आणि वाक्यं वाचून त्यांचे गठ्ठे करायचा. एका अर्थाची वाक्यं एका गठ्ठ्यात, दुसऱ्या अर्थाची दुसऱ्यात. जितके गठ्ठे, तितके अर्थ. आधी अर्थ ठरवून मग वाक्यं शोधायची नाहीत. वाक्यं जमवायची आणि त्यांनाच अर्थ विचारायचा.

खांबेटे हे शिकवताना एकदा 'धरणे' या क्रियापदाच्या चिठ्ठ्या घेऊन बसले. हात धरला, धीर धरला, दुकानाने गिऱ्हाईक धरलं, झाडाला फळ धरलं. टेबल भरलं, बाकं भरली, शेवटी जमिनीवर गठ्ठे मांडले.

"मार्सेलिनबाई, 'धीर धरला' आणि 'हात धरला' यांचा गठ्ठा एकच करावा का?"

"नको. हात धरला तर सोडता येतो. धीर सोडला तर… तोही सोडता येतो!" ती गोंधळली.

खांबेटे मोठ्याने हसले. "इथेच कोशकाराची झोप उडते. फार फोडले तर वाचकाला चक्कर येते, फार जोडले तर त्याला काहीच सापडत नाही."

खांबेटे साठीला आलेले, कृश, दम्याने बेजार. पण चिठ्ठी हातात घेतली की त्यांचा खोकला थांबायचा असं कारकून टिपणीस म्हणायचे. टिपणीस स्वतः मिस्कील माणूस. त्यांच्या मते कोशात पडलेला माणूस संसाराला निकामी होतो, कारण बायको 'या' म्हणाली तरी तो विचारतो, कोणत्या अर्थाने?

वर्षभरात मार्सेलिन काम शिकली. व्याख्या लिहिताना ज्या शब्दाची व्याख्या करायची तोच फिरून त्यात येऊ द्यायचा नाही. सोपा शब्द अवघड शब्दांनी सांगायचा नाही. आपलं मत घालायचं नाही. आणि व्याख्या अशी हवी की वाक्यातला शब्द काढून तिथे ती ठेवली तरी वाक्य चालावं. ती आता चिठ्ठ्या लावणारी राहिली नव्हती. साध्या शब्दांच्या व्याख्यांचे कच्चे खर्डे खांबेटे तिच्याकडून लिहून घेऊ लागले होते.

मग 'व' आला.

कोशाचे आधीचे खंड १९३०च्या दशकात छापून झाले होते. राहिला होता शेवटचा, आणि त्याला जोडून सुटलेल्या शब्दांची पुरवणी. 'व'च्या डब्यातल्या चिठ्ठ्या लावताना तिला 'वलांडी' दिसली नाही. चौकला घराच्या मागल्या दारातून पाहिलं की समोर वाळूत वलांड्याच वलांड्या. वरखाली बांधलेल्या दोरांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील वाऱ्याने हलतात, आणि अख्ख्या गावाचं वर्ष त्यावर चालतं. हा शब्द कोशात नाही? तिने मागचे खंड काढून पाहिले. समुद्राकाठचे, होडीतले, जाळ्यातले ओळखीचे कितीतरी शब्द नव्हते. देवळाच्या कळसाच्या भागांची नावं होती. हत्तीच्या साजाची नावं होती.

तिने खांबेट्यांना विचारलं.

"आधार आहे?" त्यांनी विचारलं. "छापील?"

"छापील कुठून असणार, सर? आमच्याकडे वलांडीवर कोण लिहितो? वलांडीवर बोंबील घालतात."

टिपणीस फिसकन हसले. खांबेटे हसले नाहीत.

"मंडळाचा नियम आहे. निरनिराळ्या लेखकांचे निदान तीन छापील आधार. नियम मी केलेला नाही, पण वाईटही नाही. यवतमाळचे मुळावकर वकील त्याचे कैवारी आहेत, आणि मंडळात त्यांचा शब्द चालतो."

अण्णासाहेब मुळावकर नियमाला का धरून होते हेही खांबेट्यांनी सांगितलं. एका जुन्या यादीत कोणा लेखनिकाने हस्तलिखितातलं एक अक्षर चुकीचं वाचलं आणि एक नवाच शब्द जन्माला आला. पुढच्याने यादीवरून उचलला, त्याच्यापुढच्याने त्याच्यावरून. मराठी माणसाच्या तोंडात तो शब्द कधीच नव्हता, तरी तो कोशांतून सुखाने नांदत होता. मुळावकरांनी त्याचं मूळ शोधून त्याला हाकललं. तेव्हापासून 'लोक म्हणतात' एवढ्या आधारावर ते काही आत येऊ देत नसत.

"शिवाय कागद," खांबेटे म्हणाले. "सरकारने नियंत्रण आणलंय. पुरवणीला पानं मोजकी. प्रत्येक शब्दाला आपली जागा कमवावी लागेल."

"मग आमच्या शब्दांनी कशी कमवायची? आम्ही पुस्तकं लिहीपर्यंत थांबायचं?"

खांबेट्यांनी चिठ्ठ्यांचा डबा बंद केला. मग म्हणाले, "एक शब्द आणा. एकच. तोंडी पुरावा असा आणा की मुळावकरांसारख्या वकिलाला तो फोडता येऊ नये. तो टिकला तर तुमच्या किनाऱ्याला पुरवणीचं दार उघडलं. पडला तर पुन्हा विषय नाही, कारण हा शेवटचा खंड आहे."

शब्द कोणता घ्यायचा, हे तिला विचारावं लागलं नाही.

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर ती चर्चच्या पायऱ्यांपाशी चिठ्ठ्या घेऊन उभी राहिली. याहून सोयीची जागा नव्हती. सगळं गाव तिथे, सगळे धुतल्या कपड्यांत, कोणाला घाई नाही. तिने विचारलं, "वलांडी म्हणजे काय, ते मला सांगा. मोठ्या पुस्तकात छापायचंय."

गावात अल्फान्सो काकांच्या आधी तोंड उघडायची रीत नव्हती. म्हातारा तांडेल, होडीचा प्रमुख, गावच्या पंचांतला. त्यांनी टोपी काढली, घसा साफ केला. पुस्तकात जायचं म्हटल्यावर भाषाही त्यांनी कोटासारखी चढवली.

"लिव. वलांडी म्हणजे बोंबील वाळविण्याचा मांडव. मांडवच लिव हां, बाय. शहरातला मानूस वाचल, त्याला बरं वाटल पायजे."

"व्हय, मांडव," एक म्हणाला.

"मांडवच तो," दुसरा म्हणाला.

विल्मासुद्धा म्हणाली, "काका बोलतान तसंच."

मार्सेलिनने नऊ जणांच्या नावाने नऊ चिठ्ठ्या लिहिल्या आणि सोमवारी मोठ्या तोऱ्यात खांबेट्यांच्या टेबलावर ठेवल्या. तीन आधार मागितले होते. तिने नऊ आणले होते.

खांबेट्यांनी नऊही वाचल्या. मग एकीवर दुसरी ठेवून गठ्ठा केला आणि तिच्यापुढे सरकवला.

"माणसं नऊ, तोंड एक."

"पण सर, नऊ वेगळी घरं आहेत!"

"घरं वेगळी असतील. वाक्य बघा. नऊही जणांचं एकच, शब्दाला शब्द. पहिला बोलला, बाकीच्यांनी मान डोलावली. हा पुरावा नाही, हा मान आहे. बरं, मला सांगा, मांडवाला छप्पर असतं ना?"

"असतं."

"वलांडीला?"

मार्सेलिनने वरची चिठ्ठी पुन्हा वाचली. जन्मापासून ती वलांड्या पाहत आली होती. त्यांना छप्पर असतं तर बोंबील वाळले असते कशाला? तरी म्हाताऱ्याने सांगितलं आणि तिने लिहून घेतलं, तेही चर्चच्या पायरीवर, वलांड्यांकडे पाठ करून.

"तुम्ही शब्द त्यांना आयता दिलात," खांबेटे जरा मवाळ आवाजात म्हणाले. "आणि अर्थ विचारलात. माणसाला अर्थ विचारू नये, बाई. अर्थ विचारला की तो विचार करायला लागतो. त्याला बोलू द्यावं आणि वाक्य उचलावं. पुस्तकाचंही आपण तेच करतो की. लेखकाला कुठे अर्थ विचारतो?"

टिपणीस जाता जाता म्हणाले, "मुळावकरांनी हा मांडव पाहिला असता तर लग्नाची पत्रिका मागितली असती."

त्या दिवशी तिला टिपणीसांचा राग आला. पण घरी जाताना तिचं तिलाच हसू आलं, आणि तिने नव्याने सुरुवात करायचं ठरवलं.

या खेपेला तिने आपल्यापुरते नियम केले. शब्द आपण आधी उच्चारायचा नाही. माणूस एकटा असताना, कामात असताना गाठायचा. अर्थ विचारायचा नाही. वाक्य जसंच्या तसं, हेल आणि चुकांसकट, तिथल्या तिथे लिहायचं. आणि वस्तू समोर हवी.

सुरुवात विल्मापासून. विल्मा वाळूत पाटी घेऊन बोंबील टांगत होती. मार्सेलिन तिच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि बोट दाखवून म्हणाली, "हे काय गो?"

विल्माचे हात थांबले. "काय म्हंजे?"

"याला काय म्हणायचं?"

"सायबा! जल्माची चौकची तू, नि मला इचारते? शिकून शिकून इसारली का काय?" मग तिने दोन दोरांपलीकडच्या जावेला हाक मारली, "आयकलं का? टीचरला वलांडी म्हाईत न्हाय! वरचे थरावर घाल गो ते, खालचे थराला कुत्री लागतात!"

मार्सेलिनने लिहून घेतलं. टोमणाही लिहिला. पण तिची पेन्सिल 'थर' या शब्दावर अडली. वरचा थर, खालचा थर. मांडवाला थर नसतात.

मग ती दिवसागणिक एकेकाला गाठत गेली. शाळेत शिकवताना अंगात मुरलेली चिकाटी उपयोगी पडली. शेजारच्या उत्तन गावी एक जण नवे दोर वळत होता, म्हणाला, "पावसाचे आदी वलांडी सोडली न्हाय तं बांबू कुजतात." तारोडीला तिला कोणी ओळखत नव्हतं, ते बरंच झालं. तिथे एका म्हातारीच्या दारात दोन खांबांवर एक आडवी दांडी होती, तिच्यावर जाळं पसरलेलं. मार्सेलिनने त्याच्याकडे बोट केलं आणि मुद्दाम गप्प राहिली.

"ती दांडी. जाल्याची," म्हातारी म्हणाली.

मार्सेलिनला राहवलं नाही. स्वतःचा नियम मोडून तिने विचारलं, "वलांडी नाही?"

म्हातारीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "एक दांडी, ती वलांडी कशी व्हईल, बाय? एकावर एक नकोत?" आणि तिने हवेत आडवा हात एकावर एक तीनदा फिरवून दाखवला.

त्या हाताच्या हालचालीत मार्सेलिनला तिची व्याख्या सापडली.

एवढ्यावर ती थांबली नाही. शब्द कुठे नाही, हेही कोशाला कळावं लागतं. भाईंदरच्या मिठागरावर काळूराम नावाचा मुकादम होता, त्याला तिने चित्र काढून दाखवलं. त्याने चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "शिडी हाय का? न्हाय बा, आमच्यात हे न्हाय." त्याचीही चिठ्ठी केली. समुद्राकाठी शब्द होता, खाडीच्या आत तो ऐकू येत नव्हता; म्हणजे नोंदीवर किनाऱ्याचा शिक्का हवा, साऱ्या ठाणे जिल्ह्याचा नको.

खांबेट्यांनी नव्या चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या. या वेळी एकही वाक्य दुसऱ्यासारखं नव्हतं. त्यांचा खोकला थांबला.

खर्डा करायला दोघांना चार बैठका लागल्या. मार्सेलिनने पहिल्यांदा लिहिलं त्यात जबड्यात जबडा अडकवायची पद्धत होती, दोर कशाचे ते होतं, पावसाआधी सोडतात तेही होतं.

"हे सगळं खरं," खांबेटे म्हणाले, "पण हे काढलं तर वलांडी वलांडी राहील की नाही?"

"राहील."

"मग काढा. कोशात वस्तूचं चरित्र लिहायचं नसतं. तिला दुसऱ्यांपासून वेगळी काढण्यापुरतं सांगायचं."

"छप्पर नाही, हे?"

"तुम्ही सांगा."

"'उघडी' म्हटलं की झालं. पण 'एकावर एक' मी काढू देणार नाही, सर. त्यावाचून ती दांडी होते."

"आणि बोंबील?"

इथे दोघांचं वाजलं. खांबेट्यांच्या मते बोंबील हेच वलांडीचं प्रयोजन. पण एका चिठ्ठीत उत्तनचा माणूस वलांडीवर मांदेली घातल्याचं सांगत होता. मार्सेलिनने ती चिठ्ठी पुढे केली आणि हाताची घडी घालून बसली. खांबेट्यांनी चष्मा पुसला, चिठ्ठी पुन्हा वाचली आणि बोंबलांच्या आधी 'विशेषतः' हा शब्द लिहिला.

१९४४च्या जानेवारीत मंडळाची बैठक भाईंदरला भरली. मुळावकर आले. उंच, पिळदार मिशांचे, आवाज कोर्टात कमावलेला. समुद्र त्यांनी आगगाडीतून ओझरता पाहिला होता, तेवढाच. त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या, एकेका माणसाचं नाव-गाव विचारलं, काळूरामची 'न्हाय बा'ची चिठ्ठी दोनदा पाहिली.

"पुरावा नीट जमवलाय," ते म्हणाले. "पण बाई, माझी शंका वेगळी आहे. हे सगळं तुमच्या गावाचं. ज्यांनी ही वस्तू जन्मभर पाहिली त्यांना ही व्याख्या पटेलच. कोश त्यांच्यासाठी नसतो, न पाहिलेल्यासाठी असतो. माझ्यासारख्यासाठी. ही ओळ वाचून मला वस्तू कळते का?"

"कळेल," मार्सेलिन म्हणाली.

"असं वकील म्हणतात. मी साक्षीदाराला जागेवर नेतो."

"चला मग जागेवर."

टिपणीसांनी डोळे वटारून तिला खूण केली. खांबेटेही चपापले. पण मुळावकर टोपी घालून उभे राहिले होते.

"एक अट," ते म्हणाले. "मासे टांगलेले असतील तर मला तेच सांगतील, व्याख्या नाही. वलांडी रिकामी हवी. आणि वाटेत मला कोणी काही सांगायचं नाही."

"मग परवा जाऊ," मार्सेलिन म्हणाली. "भांगाचे, मंद भरतीचे दिवस आहेत. पाण्याला ओढ नसली की बोंबलांची डोलीची जाळी लावत नाहीत. सुकलेला माल उद्या उतरेल, परवा किनारा रिकामा असेल."

बैलगाडीने ते चौकला पोचले तोवर बातमी त्यांच्याआधी पोचली होती. आपल्या वलांड्या बघायला यवतमाळहून वकील येतो हे ऐकून निम्मं गाव वाळूत जमलं. अल्फान्सो काका टोपी हातात घेऊन पुढे झाले.

"सायेब, मी सांगतो—"

"काका," मार्सेलिन म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने त्यांना अडवलं, "आज कोणीच काही बोलायचं नाही. तुम्हीपण नाही. मान राखून सांगते."

काका क्षणभर ताठले. मग टोपी डोक्यावर ठेवून म्हणाले, "आयकलं ना सगल्यांनी? त्वांड बंद!" आणि सगळा किनारा गप्प झाला.

खांबेट्यांनी खर्ड्याचा कागद मुळावकरांच्या हातात दिला. त्यांनी कोर्टातल्यासारखं मोठ्याने वाचलं: "'वलांडी, स्त्रीलिंगी. ओळीने रोवलेल्या खांबांना एकावर एक आडवे बांबू वा दोर बांधून केलेली उघडी रचना. हिच्यावर मासे, विशेषतः बोंबील, वाळत टांगतात.'"

मग ते चालू लागले. या एका माणसाच्या बोटावर तिच्या किनाऱ्याचे सगळे शब्द टांगलेले होते.

मुळावकर आधी एका गवती छपराखाली थांबले. तिथे होडीचं सामान होतं. "खांब आहेत. आडवे बांबूही आहेत," ते पुटपुटले. कागद पाहिला. "उघडी." त्यांनी वर छपराकडे पाहिलं, मान हलवली, पुढे गेले. गर्दीत कोणीतरी दाबून धरलेला श्वास सोडला. पुढे दोन खांबांची एक दांडी होती, जाळ्याची. ते तिच्याभोवती फिरले, हात लावून पाहिला. "रांग नाही. शिवाय 'एकावर एक' म्हटलंय. इथे एकच." पुढे गेले.

मग भाजीच्या वाफ्याचं कुंपण लागलं. कुंपणाचा मार्सेलिनने विचारच केला नव्हता. खांब ओळीने, आडव्या काठ्या एकावर एक, वर उघडं. मुळावकर तिथे खूप वेळ उभे राहिले. त्यांनी कुंपणाची उंची गुडघ्याशी, मग कमरेशी मापली. कागद पुन्हा वाचला, आता मनात. विल्माने पदर तोंडात कोंबला होता.

"'वाळत टांगतात'," शेवटी ते म्हणाले. "इथे टांगलं तर मासा जमिनीला टेकेल. आणि याने वाफा कोंडलाय. टांगण्याची वस्तू काही कोंडत नाही."

ते वळले आणि वाळू तुडवत समुद्राच्या बाजूला गेले. पुरुषभर उंचीचे खांब, ओळीच्या ओळी, रिकामे दोर वाऱ्यावर गुणगुणत. त्यांनी एका खांबावर थाप मारली.

"ही!"

किनाऱ्यावर जो गलका उठला तो मुळावकरांनी कोर्टात कधी ऐकला नसेल. पोरं ओरडली, बायका टाळ्या पिटू लागल्या, आणि अल्फान्सो काकांचं तोंड एकदाचं सुटलं, "वलांडी! हीच वलांडी!" विल्मा मुळावकरांपुढे येऊन म्हणाली, "सायेब, टीचरला म्हाईत नवती, तुमाला बराबर समजली!" खांबेटे वाळूतच बसले आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली.

मुळावकर परत आले ते हसत. कागद मार्सेलिनला देत म्हणाले, "कुंपणापाशी मी अडलो होतो, बाई. तिथे तुमची व्याख्या थोडी कमी पडली."

"'उंच' घालते," ती लगेच म्हणाली. "'ओळीने रोवलेल्या उंच खांबांना.'"

"घाला. आता मी पुन्हा आलो तर कुंपणापाशी थांबणार नाही." मग खांबेट्यांकडे वळून ते म्हणाले, "मी हरलो असं समजू नका, वामनराव. मला पुरावा हवा होता, तो मिळाला. तोंडचा शब्द घ्यावा, पण नोंदीपुढे खूण असावी, म्हणजे हा कानाने घेतलाय, डोळ्याने नव्हे, हे वाचकाला कळेल. आणि जमवण्याचे नियम बाईंनी लिहून द्यावेत."

दुसऱ्या दिवशी बैठकीत ठराव झाला. निदान तीन गावं, एकमेकांच्या नकळत मिळालेली वाक्यं, वस्तू असेल तर समोर, आणि शब्द विचारणाऱ्याने आधी उच्चारायचा नाही. खाली सूचक म्हणून अण्णासाहेब मुळावकरांची सही होती. ठरावातच मार्सेलिनची साहाय्यक संपादक म्हणून नेमणूक झाली. टिपणीसांनी उठून तिला आपली खुर्ची दिली, कारण त्या घरात डुगडुगत नसलेली तेवढी एकच होती.

पुढची दोन वर्षं ती किनाऱ्याकिनाऱ्याने फिरली. पुरवणीला पानं कमी होती म्हणून व्याख्या कशा घट्ट बसवायच्या ते तिने शिकून घेतलं. एक शब्द वाचवला की आणखी एका नोंदीला जागा होई. वसईपासून अलिबागपर्यंतच्या शिक्षकांना तिने नियम पाठवले आणि चिठ्ठ्या येऊ लागल्या. सगळ्या टिकल्या नाहीत. एकाच तोंडाच्या तिने स्वतः बाजूला काढल्या, काही तर जड मनाने. पण टिकल्या त्यांनी पुरवणीची पानंच्या पानं भरली.

१९४६ साली खंड बांधून आला. मार्सेलिनने तो चौकला नेला आणि विल्माच्या ओट्यावर उघडला. बायका भोवती बसल्या. तिने नोंद वाचली, खूण कशाची ते सांगितलं, शिक्का कशाचा ते सांगितलं.

विल्माने सगळं ऐकून घेतलं. "बस? एवढंच?"

"एवढंच."

"त्यात नवीन काय हाय गो? हे तं आमाला म्हाईतच हाय!"

मार्सेलिन खळखळून हसली. ज्यांचा शब्द त्यांना त्यात काही नवं सापडलं नव्हतं आणि काही खोटंही नाही. यवतमाळच्या माणसाने त्याच ओळीवरून वस्तू शोधून काढली होती. कोशकाराला याहून मोठी पावती कोण देणार?

"नवीन काही नाही," ती म्हणाली. "सगळं तुमचंच."

"मंग वाच परत," विल्माने फर्मावलं आणि मागे वळून गल्लीत हाक दिली, "अगो या सगल्या, वलांडी छापून आली! टीचर, मोठ्यानं वाच, लांब ऐकू गेलं पायजे!"

आणि मार्सेलिन उभी राहून, पुस्तक दोन्ही हातांत धरून, मोठ्याने वाचू लागली.